डोपामिनचं गणित : तीन साठ, एक हजार आणि दशांश चिन्ह

प्रश्न : मॅडम, मी जीएनएम थर्ड इयरला आहे, गडहिंग्लजची, सध्या कोल्हापुरात रूमवर राहून नर्सिंग ऑफिसर भरतीच्या पेपरची पण तयारी करतेय. डोस कॅलक्युलेशनचे प्रश्न आले की माझं दर वेळी वेगळंच उत्तर येतं. आता हाच बघा, ६० किलोच्या पेशंटला डोपामिन ५ एमसीजी पर केजी पर मिनिट द्यायचंय, ५० एमएल सिरिंजमध्ये ४०० एमजी आहे, पंपाचा रेट किती एमएल पर अवर? एकदा ०.०३७५ आलं, परत केलं तर २२५०. आणि गंमत म्हणजे दोन्ही ऑप्शनमध्ये आहेत! फॉर्म्युला पाठ आहे तरी असं का होतंय?

उत्तर :

अगं, तुझी दोन्ही उत्तरं ऑप्शनमध्ये आहेत म्हणूनच मला ती आवडली, कारण पेपर काढणाऱ्याला माहिती असतं पोरं कुठं कुठं घसरतात, आणि तो बरोबर त्या त्या घसरणीच्या जागी एकेक ऑप्शन ठेवून देतो. तुझा गुणाकार भागाकार दोन्ही वेळा बरोबरच आहे बरं का. ०.०३७५ हे एका मिनिटाला किती एमएल त्याचं बरोबर उत्तर आहे, फक्त विचारलंय तासाला. आणि २२५० मध्ये तू वर एमसीजी ठेवलंस, खाली एमजी ठेवलंस आणि भागून मोकळी झालीस. म्हणजे गणित येत नाही असं काही नाहीये, आकडे युनिटशिवाय चाललेत एवढंच. आपल्याकडं गुळाच्या सौद्यात कुणी नुसतं 'दहा दे' म्हटलं तर समोरचा पहिल्यांदा विचारणार, दहा काय, किलो का ढेपा? तसं प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू काय आहेस.

मी वीस वर्षं वॉर्ड आणि आयसीयू केलंय, आता पोरींना शिकवते, आणि मला विचारशील तर फॉर्म्युला पाठ करणं हाच निम्मा घोटाळा आहे. पुस्तकात तो असा असतो की डोस गुणिले वजन गुणिले ६०, भागिले कॉन्सन्ट्रेशन. आता तुझ्या प्रश्नात वजनच ६० आहे. मिनिटाचा तास करायचा तोही ६०. दोन साठ एकाच ओळीत आले की परीक्षेच्या घाईत पोरगी एकदाच ६० ने गुणते आणि मनात म्हणते 'साठ झालं की माझं'. तुझं पहिलं उत्तर असंच आलंय, मी पैजेवर सांगते. वजनाचा साठ झाला, तासाचा साठ राहिला. त्यात मायक्रोड्रिप सेटचा प्रश्न असला तर तिथं एका एमएलला ६० ड्रॉप्स, म्हणजे तिसरा साठ! मी वर्गात पहिलं उदाहरण मुद्दाम ६० किलोचंच देते, कोण कोण अडकतंय ते लगेच कळतं.

म्हणून फॉर्म्युला बाजूला ठेव आणि चार ओळी लिही. रफ कामाला जागा कमी असली तरी चार ओळी मावतात. पेन लावायच्या आधी एक काम कर, विचारलेलं युनिट कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेव, ml/hr, आणि त्याला गोल कर. तिथं पोचायचंय. मग :

```
5 mcg/kg/min × 60 kg      = 300 mcg/min
300 mcg/min × 60 min/hr   = 18000 mcg/hr
18000 mcg/hr ÷ 1000       = 18 mg/hr
18 mg/hr ÷ 8 mg/ml        = 2.25 ml/hr
```

बघ, पहिल्या ओळीत केजी कटला. दुसऱ्या ओळीत मिनिट कटलं. तिसऱ्यात एमसीजीचं एमजी झालं, चौथ्यात एमजी कटून एमएल वर आला. एका ओळीत एकच युनिट बदलायचं, दोन नाही. एका ओळीत दोन कामं केलीस की चूक झाली तरी कुठं झाली ते सापडत नाही, आणि परीक्षेत परत पहिल्यापासून करायला वेळ कुणाकडं असतो.

आता ते ८ कुठून आलं त्यावर जरा थांबूया, कारण मार्क जास्त करून इथंच जातात. आपल्याकडं डोपामिनचं अँप्यूल ५ एमएलचं येतं आणि त्यात २०० एमजी असतं, म्हणजे एका एमएलला ४० एमजी. ४०० एमजी पाहिजे तर दोन अँप्यूल, म्हणजे १० एमएल औषध झालं. ते ५० च्या सिरिंजमध्ये ओढायचं आणि वर ४० एमएल एनएस घ्यायचं, टोटल ५०. मग ४०० भागिले ५०, एमएलला ८ एमजी. प्रश्नात '४०० एमजी इन ५० एमएल' असं असेल तर हेच. पण काही पेपरात वाक्य वेगळं असतं, 'दोन अँप्यूल ५० एमएल सलाईनमध्ये ॲड केले'. मग टोटल ५० राहिलं का? नाही की. १० औषधाचे आणि ५० सलाईनचे, झाले ६०. आता ४०० भागिले ६०, एमएलला साधारण ६.६७ एमजी, आणि उत्तर २.२५ च्या जागी २.७ येतंय. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल, दहा लिटर दुधात पाणी घालून पन्नास लिटर करणं वेगळं आणि दहा लिटर दुधात पन्नास लिटर पाणी ओतणं वेगळं. इंग्रजी पेपरातले 'इन', 'टू', 'अप टू' हे शब्द छोटे दिसतात पण गणित त्यांच्यावरच उभं असतं, त्यांच्याखाली पेनानं रेघ मार. मोठ्या बाटलीत, म्हणजे ५०० एमएलमध्ये ५ एमएल औषध घातलं तर फरक एक टक्क्याचा पडतो, तिथं पेपरवाले सहसा ५०० च धरतात, आणि ऑप्शन बघितले की ते कळतं. पण ५० च्या सिरिंजमध्ये १० एमएल म्हणजे पाचवा हिस्सा झाला, तिथं सोडून चालत नाही.

आता ऑप्शन बघ. तुझ्या पेपरात चार असणार, त्यातले दोन तू सांगितलेस, बरोबर उत्तर २.२५, आणि चौथा माझ्या अंदाजानं २२.५ असेल. तो कसा येतो सांगते. ४०० भागिले ५० करताना कुणीतरी घाईत ०.८ लिहितं, मग १८ भागिले ०.८, आलं २२.५. आकडे सगळे तेच, टिंब एक घर सरकलं. किंवा दुसरा रस्ता, आदल्या दिवशी २०० एमजी २५० एमएलमध्ये असा प्रश्न सोडवलेला असतो, तिथं एमएलला खरंच ०.८ एमजी येतं आणि उत्तर खरंच २२.५ येतं, तेच डोक्यात बसलेलं असतं. पाठ केलेल्या उत्तराचा धोका हा असा.

मग उत्तर आल्यावर ते बरोबर आहे का चूक हे आन्सर की न बघता कसं ओळखायचं? माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, ही सिरिंज किती वेळ पुरेल? ५० एमएल आहे, तासाला २.२५ जातंय, म्हणजे बावीस तासांच्या आसपास. ठीक आहे, आयसीयूत दिवसाला एकदा सिरिंज बदलावी लागेल, पटण्यासारखं आहे. आता तुझं २२५० लावून बघ. ५० भागिले २२५० तास, म्हणजे ८० सेकंद. दीड मिनिट पण नाही! दोन अँप्यूल डोपामिन ८० सेकंदांत पेशंटच्या अंगात? पंप पण तो रेट घेणार नाही. आणि ०.०३७५ लावलं तर सिरिंज पुरेल तेराशे तेहतीस तास, म्हणजे पंचावन्न दिवस. बीपी पडलेल्या पेशंटची सिरिंज पावणेदोन महिने चाललीय, असं कुठं असतंय का? दोन्ही उत्तरं वीस सेकंदांत उडाली की नाही.

पण ह्या चाचणीला पण मर्यादा आहे, ती समजून घे, नाहीतर गाफील राहशील. २२.५ ला हीच चाचणी लाव. सिरिंज सव्वादोन तास पुरतेय. हे ऐकायला तसं काही वाईट वाटत नाही, असेल बाबा जास्त डोस. म्हणजे हजाराची आणि साठाची चूक ही चाचणी पकडते, पण दहाची चूक, एका घराची, तिच्या हातातून सुटते. आणि दशांश चिन्हाची चूक बहुतेक वेळा एका घराचीच असते, हीच तर पंचाईत आहे.

त्याला दुसरा उपाय, उलटं चालत जायचं. उत्तरापासून सुरुवात करून ऑर्डरपर्यंत पोचतेस का बघ. २२.५ एमएल तासाला, एमएलला ८ एमजी, म्हणजे तासाला १८० एमजी. मिनिटाला ३ एमजी, म्हणजे ३००० एमसीजी. ६० किलोनं भाग, ५० एमसीजी पर केजी पर मिनिट. ऑर्डर होती ५ ची. संपला विषय. आणि हेही बघ की डोपामिन साधारण २ ते २० मध्ये चालतं, ५० म्हटल्यावर कुणाही आयसीयूवाल्या सिस्टरचे कान उभे राहतील. २.२५ ला उलटं चाल, १८ एमजी तासाला, ३०० एमसीजी मिनिटाला, ५ पर केजी. जुळलं. फक्त एक पथ्य पाळ, उलटं जाताना ८ एमजी हा आकडा पहिल्या रफमधून उचलायचा नाही, प्रश्नातून परत काढायचा. तिथंच ०.८ केलं असशील तर उलटं जाताना पण ०.८ च घेशील आणि चुकीचं उत्तर मस्तपैकी जुळून येईल. मी स्वतः अशी फसलेय.

राउंड कधी करायचं हे पण पोरी सारखं विचारतात. शेवटी, एकदाच. मध्ये नाही. समज एखादीनं मिनिटाचा रेट आधी काढला, ०.०३७५, आणि लांबलचक आकडा नको म्हणून ०.०४ केला, मग ६० ने गुणलं, २.४ आलं. ०.०३ करून टाकलं तर १.८. बघ एका मधल्या राउंडिंगनं कुठल्या कुठं गेलं. म्हणूनच मी आधी तासावर जायला सांगते आणि मग भागाकार, ३०० गुणिले ६० गोल आकडा येतो, दशांश अगदी शेवटच्या ओळीत उगवतो, तोपर्यंत टिंबाचं नावच नाही. वॉर्डात पंप ०.१ च्या घरात सेट होत असेल तर २.३ लावतात, डोस पडतो ५.१ च्या जवळ, आणि तसंही तो बीपी बघून वरखाली करायचाच असतो. पण पेपरात २.२५ ऑप्शनमध्ये असताना २.३ वर टिक करू नको, किती घरांपर्यंत राउंड करायचं ते प्रश्नात लिहिलेलं असतं, शेवटची ओळ वाच.

आता टिंबाचं जरा सविस्तर सांगते, कारण पंपाच्या गणितात चूक झाली तर निदान आकडा विचित्र तरी दिसतो, लहान बाळांच्या डोसमध्ये विचित्र पण दिसत नाही.

माझी सुरुवातीची नोकरी, नाइट ड्युटी. दोन किलोचं बाळ, अमिकासिन ३० एमजीची ऑर्डर. रोज वापरायचो ते व्हायल १०० एमजीचं, २ एमएल, म्हणजे एमएलला ५०, आणि ३० एमजीला ०.६ एमएल. चार दिवस मीच दिलेलं, आकडा हाताला पाठ. त्या रात्री स्टोअरमधून व्हायल आलं, तसंच छोटं, तसंच २ एमएल, मी ०.६ भरलं. इन्चार्ज सिस्टर शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या लेबल मोठ्यानं वाच. वाचलं तर ५०० एमजी इन २ एमएल. म्हणजे एमएलला २५०, आणि माझ्या हातातल्या सिरिंजमध्ये दीडशे एमजी. पाचपट. बाळाला गेलं नाही, पण त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या 'आता किती?' आणि मला हातातली सिरिंज खाली ठेवून कागदावर करावं लागलं. ३० भागिले २५०, ०.१२ एमएल.

ह्यात गणित कुठंच अवघड नाहीये. पण दोन गोष्टी त्यातून घे. एक, '५०० एमजी' हे कॉन्सन्ट्रेशन नव्हे, '२ एमएलमध्ये ५०० एमजी' हे कॉन्सन्ट्रेशन. अमिकासिनचं १००, २५०, ५०० असं सगळं २ एमएलमध्येच मिळतं, व्हायल बघून फरक कळत नाही. पेपरवाल्यांनाही हे आवडतं, प्रश्नात व्हायल किती एमएलचं ते वाक्याच्या अगदी शेवटी टाकतात आणि मध्ये बाळाचं वय, निदान, असला सगळा पाचोळा. कॉन्सन्ट्रेशन नेहमी दोन आकड्यांत लिही, एमजी आणि एमएल दोन्ही, आणि मग 'एका एमएलला किती' असं करून चौकट कर. दुसरं, ०.१२ आणि १.२ आणि ०.०१२ हे तिन्ही आकडे कागदावर सारखेच निरागस दिसतात, म्हणून तिथं टिंबाकडं बघत बसू नको, व्हायलकडं बघ. अख्खं व्हायल ५०० एमजी, मला पाहिजे ३०, म्हणजे सतरावा हिस्सा. २ एमएलचा सतरावा हिस्सा म्हणजे एक दशांश एमएलच्या थोडं वर. १.२ असूच शकत नाही, ते तर अर्ध्याहून जास्त व्हायल झालं. हा अंदाज भागाकाराच्या आधी मनात धरायचा. आधी, नंतर नव्हे. नंतर केलास की मन आलेल्या उत्तराला 'हो हो बरोबर' म्हणतं.

अशीच एक खूण, बाळाच्या एका डोससाठी तुला दुसरं व्हायल फोडावं लागतंय असं उत्तर आलं तर थांब. जेंटामायसिन घे, ८० एमजी २ एमएलमध्ये, बाळाला १० एमजी. बरोबर उत्तर ०.२५ एमएल. कुणी २.५ लिहिलं तर एक व्हायल पुरत नाहीये, त्यात दोनच एमएल आहेत! पेपरात ही खूण फुकट मिळते, फक्त बघायला पाहिजे.

०.१२ एमएल नेमकं मोजायला १ एमएलची ट्यूबरक्युलिन सिरिंज, जिच्यावर ०.०१ च्या रेघा असतात. ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज हाताशी असते म्हणून काही जणी त्यात मोजतात, तिथल्या रेघा युनिटच्या असतात, एमएलच्या नाही, एक रेघ म्हणजे ०.०२५ एमएल, ०.१२ त्या रेघांवर बसतच नाही. ट्यूबरक्युलिन नसेल तर डायल्यूट करून घ्यायचं, तो वेगळा विषय.

लिहायची पद्धत. एकाच्या आत आकडा असेल तर टिंबाच्या आधी शून्य पाहिजेच, ०.५, नुसतं .५ नाही. आणि पूर्ण आकड्याच्या मागं टिंब शून्य लावायचं नाही, ५ लिहायचं, ५.० नाही. कारण काय, आपल्या केसपेपरवर छापलेल्या रेघा असतात, टिंब रेघेवर पडलं की गायब, .५ चे ५ होतात आणि ५.० चे ५०. दोन्ही वेळा दहापट. कार्बन कॉपीत तर विचारूच नको. एमसीजीसाठी तो ग्रीक म्यू काढून शेजारी g लिहितात तो पण टाळ, घाईत लिहिला की एमजीसारखा दिसतो, आणि तिथं फरक दहाचा नाही, हजाराचा. युनिट पूर्ण शब्दात लिही, नुसता U काढलास तर तो शून्यासारखा वाचला जातो, ४U चे ४०. हे प्रश्न म्हणून पण येतात, 'खालीलपैकी कोणती ऑर्डर सुरक्षित लिहिलेली आहे', आणि सोप्पे मार्क असतात ते.

हजाराचं पण एकदा पक्कं कर. एमसीजीचं एमजी करताना आकडा लहान होतो, टिंब डावीकडं तीन घरं. एमजीचं एमसीजी करताना आकडा मोठा होतो, उजवीकडं तीन घरं. डावं उजवं पाठ करायला गेलीस तर परीक्षेत उलटं होणार, त्यापेक्षा असं म्हण, एमसीजी ही चिल्लर आहे आणि एमजी ही नोट, चिल्लर देऊन नोटा घेतल्या की संख्या कमीच होणार. कमी झाली नाही तर उलटं केलंस. आणि घरं मोजताना रिकाम्या जागी शून्य भर, २५ एमसीजी म्हणजे ०.०२५ एमजी. ०.२५ लिहिणाऱ्या पोरी दर बॅचला निघतात, दोन घरं सरकवून थांबतात कारण आकडे दोनच होते ना!

ड्रॉप्सचं फार काही नाही. एकूण एमएल गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर भागिले एकूण मिनिटं. ५०० एमएल ८ तासांत, फॅक्टर १५, तर ७५०० भागिले ४८०, १५.६, अर्धा थेंब पडत नाही म्हणून १६. आपल्या वॉर्डात सेटच्या पाकिटावर बऱ्याचदा २० छापलेलं असतं, मग तेच गणित २१ वर जातं, म्हणून प्रश्नात दिलाय तोच फॅक्टर घे, वॉर्डातला डोक्यात आणू नको. तास दिले असतील तर मिनिटं करायला विसरू नको, इथला साठ पण तोच आपला जुना मित्र. मायक्रोड्रिपला फॅक्टर ६० आणि मिनिटं पण ६०, दोन्ही कटतात, म्हणून तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला ड्रॉप्स. मघाशी २०० एमजी २५० एमएलमध्ये म्हटलं त्याचा रेट २२.५ आला होता, तिथं सिरिंज पंप नाही आणि मायक्रोड्रिप लावलाय असा प्रश्न असेल तर २२ ते २३ ड्रॉप्स मिनिटाला, परत काही करायचं नाही.

इन्सुलिन आणि हिपॅरिन आलं की युनिटचं एमजी करायला जाऊ नको, तसली भानगडच नाहीये, युनिट हे युनिटच. तिथं बघायचं ते व्हायलवर एमएलला किती युनिट. आपल्याकडं इन्सुलिन ४० चं पण आहे आणि १०० चं पण. पंपासाठी ५० युनिट घेऊन टोटल ५० एमएल करायचं असेल तर ४० च्या व्हायलमधून १.२५ एमएल लागेल आणि १०० च्यातून ०.५ एमएल, सिरिंजमध्ये शेवटी दोन्हीकडं एमएलला एक युनिटच. ४० च्या व्हायलला लाल टोपीची ४० ची सिरिंज, १०० ला नारिंगी. टोपी अदलाबदल झाली की अडीचपट इकडं नाहीतर तिकडं, आणि हा प्रश्न मी अनेक पेपरात फिरताना बघितलाय.

आणि तू फॉर्म्युला पाठ आहे म्हणालीस म्हणून एक सांगते, काही क्लासमध्ये शॉर्टकट देतात, वजन गुणिले ३ एवढे एमजी ५० एमएलमध्ये घेतले की पंपाचा १ म्हणजे १ एमसीजी पर केजी पर मिनिट. खरं आहे ते. ६० किलोला १८० एमजी, एमएलला ३.६, तासाला ३.६ एमजी म्हणजे मिनिटाला ६० एमसीजी, बरोबर एक पर केजी. पण तुझ्या सिरिंजमध्ये १८० नाहीत, ४०० आहेत, म्हणून रेट ५ गुणिले १८० भागिले ४००, परत २.२५. तपासायला छान आहे. पण बऱ्याच पोरी प्रश्नात दिलेला ४०० बघतच नाहीत आणि थेट '५ एमसीजी म्हणजे ५ एमएल' करून पुढं जातात, म्हणून मी आधी चार ओळी आणि मग शॉर्टकट असंच करायला लावते.

आता हा एक तूच कर, आणि ह्यात वजन ६० नाहीये बरं का. पेशंट ४८ किलो, डोपामिन ८ एमसीजी पर केजी पर मिनिट, एक अँप्यूल २०० एमजी, टोटल ५० एमएल केलेलं, तासाला किती? आधी कोपऱ्यात युनिटला गोल कर, एमएलला किती एमजी त्याची चौकट कर, मग चार ओळी. ५.७६ यायला पाहिजे, आणि सिरिंज साडेआठ तासांपेक्षा थोडी जास्त पुरायला पाहिजे. २.८८ आलं तर तू माझं वरचं ८ एमजी उचललंस, ४ घ्यायला पाहिजे होतं. ०.०९६ आलं तर साठ परत राहिला.